लठ्ठपणा किंवा मूत्रपिंडविकार असताना एनटी-प्रोबीएनपीचा अहवाल कसा वाचावा

दम लागतो, पायांवर सूज येते, म्हणून डॉक्टर बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी लिहून देतात. अहवाल हाती पडतो आणि बहुतेकांची नजर थेट आकड्याशेजारच्या खुणेवर जाते. मर्यादेच्या आत असेल तर ‘हृदय ठीक आहे’ आणि बाहेर असेल तर ‘हृदय निकामी झाले’ असा निष्कर्ष तिथल्या तिथे काढला जातो. लठ्ठ व्यक्तीच्या बाबतीत यातला पहिला निष्कर्ष वारंवार चुकतो, तर मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या बाबतीत दुसरा. हा लेख अशा व्यक्तींसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि हे अहवाल रोज पाहणाऱ्या कुटुंबवैद्यांसाठी आहे. निदान आणि औषधांत बदल हे डॉक्टरांचेच काम आहे. इथे मांडला आहे तो आकडा वाचण्याचा क्रम.

## आधी समजून घ्या: हा आकडा कशाचा आहे

हृदयाच्या कप्प्यांच्या भिंती ताणल्या गेल्या की त्यांतील स्नायूपेशी एक मोठे प्रथिन तयार करतात. त्याचे दोन तुकडे होतात. बीएनपी हा त्यातला कामाचा तुकडा असून तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकायला लावतो. दुसरा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. तो स्वतः काहीच करत नाही, पण रक्तात अधिक वेळ टिकतो आणि म्हणून मोजायला सोयीचा असतो.

रक्तात सापडणारी पातळी दोन गोष्टींवर ठरते: हृदयातून किती बाहेर पडते आणि शरीर ते किती वेगाने काढून टाकते. हृदयातून बाहेर पडणारे प्रमाणही रक्ताच्या दाबावर थेट ठरत नाही, तर त्या दाबामुळे भिंतीवर येणाऱ्या ताणावर ठरते. दाब आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचे उलगडत नाही.

## टप्पा १: अहवाल वाचण्याआधी शेजारी काय लिहून ठेवायचे

एका कोऱ्या कागदावर रुग्णाचे वय, त्याच दिवशी मोजलेले वजन, उंची आणि बीएमआय लिहावा. शक्य तर त्याच रक्तनमुन्यातला क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज, लिहावा. हृदयाची लय नियमित आहे की एट्रियल फिब्रिलेशन आहे, हेही नोंदवावे, कारण त्या अनियमित लयीत हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय निकामी होणे, नसतानाही आकडा बराच चढतो. चालू औषधांची यादी जोडावी. शेवटी त्रास किती दिवसांचा आहे ते लिहावे: काही तासांचा, की काही आठवड्यांचा.

वजनाबाबत एक बारकावा सहज सुटतो. अंगावर सूज असताना केलेल्या वजनात पाणीही मोजले जाते. १५८ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीच्या अंगात ८ किलो पाणी साठले असेल, तर बीएमआय त्यानेच सुमारे ३ अंकांनी वाढलेला दिसतो. त्यामुळे सूज येण्यापूर्वीचे वजन माहीत असेल तर तेही शेजारी लिहावे.

सावधान: केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे काही प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत आकडा खोटाच कमी येऊ शकतो. या गोळ्या औषध म्हणून कोणी मोजत नाही, त्यामुळे त्या यादीत येत नाहीत. मुद्दाम विचारावे.

## टप्पा २: कोणती चाचणी, कोणते एकक

बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी यांचे आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. एकाच रक्तनमुन्यात एनटी-प्रोबीएनपीचा आकडा बीएनपीच्या कित्येक पट असू शकतो आणि त्यांचे गुणोत्तरही माणसागणिक बदलते. मागच्या वेळी एका प्रयोगशाळेत बीएनपी १८० आला आणि या वेळी दुसरीकडे एनटी-प्रोबीएनपी ९०० आला, तर ‘पाचपट वाढ’ झाली असे म्हणता येत नाही. त्या दोन अहवालांची तुलनाच होत नाही.

एकक बहुधा पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. नॅनोग्रॅम प्रति लिटर लिहिले असेल तरी आकडा तोच राहतो. पिकोमोल प्रति लिटर असेल तर मात्र एनटी-प्रोबीएनपीसाठी त्याला सुमारे ८.५ ने गुणावे लागते. पुढे सर्व आकडे पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आहेत.

तपासून पाहा: सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन हे औषध चालू आहे का? बीएनपीचे विघटन करणारे विकर ते रोखते, त्यामुळे बीएनपी औषधानेच वाढू शकते. एनटी-प्रोबीएनपी त्या विकराने तुटत नाही. म्हणून अशा रुग्णात एनटी-प्रोबीएनपीच मागवावे.

## टप्पा ३: मर्यादा निवडा, छापलेली सरसकट घेऊ नका

अहवालावर छापलेली मर्यादा एकच असते. प्रत्यक्षात मर्यादा परिस्थितीनुसार बदलते आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

त्रास हळूहळू वाढत आलेला असेल आणि रुग्ण बाह्यरुग्ण विभागात चालत आला असेल, तर एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या खाली किंवा बीएनपी ३५ च्या खाली असताना हार्ट फेल्युअरची शक्यता कमी मानतात. अचानक धाप लागून रुग्ण तातडीच्या विभागात आला असेल, तर त्याच कामासाठी ३०० आणि १०० या मर्यादा वापरतात. तातडीच्या स्थितीत निदानाच्या बाजूने कौल देणारी एनटी-प्रोबीएनपीची मर्यादा वयानुसार चढत जाते: पन्नाशीच्या आत ४५०, ५० ते ७५ वयात ९०० आणि त्यापुढे १८००.

तीन महिन्यांपासून जिना चढताना दम लागणाऱ्या माणसाच्या २१० या आकड्याला ‘३०० च्या आत आहे’ म्हणून नॉर्मल ठरवणे ही चूक आहे. त्याच्यासाठी मर्यादा १२५ ची होती.

वगळण्याची मर्यादा आणि निदानाची मर्यादा यांच्या मधला पट्टा राखाडी असतो. तिथे आकडा निर्णय देत नाही. तो फक्त इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतो.

## टप्पा ४: लठ्ठपणा असेल तर मर्यादा खाली आणा

बीएमआय ३० च्या पुढे गेला की हृदयावर ताण असूनही आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो. याचे एक कारण जुन्या लेखनात ठळकपणे सांगितले जाते: चरबीच्या पेशींवर बीएनपी पकडून नष्ट करणारे ग्राहक असतात, म्हणून चरबी जास्त तितकी बीएनपीची विल्हेवाट जास्त. हे खरे आहे, पण अपुरे आहे. एनटी-प्रोबीएनपी त्या ग्राहकांना चिकटत नाही, तरीही लठ्ठ व्यक्तीत तेसुद्धा कमीच असते. म्हणजे हृदयातून बाहेर पडणारे प्रमाणच घटलेले असते. ‘लठ्ठपणाचा परिणाम फक्त बीएनपीवर होतो, एनटी-प्रोबीएनपी सुरक्षित आहे’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

प्रमाण घटण्यामागचा एक भाग निव्वळ यांत्रिक आहे. अतिलठ्ठ व्यक्तीत हृदयाभोवती चरबीचा थर वाढतो आणि हृदयाला बाहेरून आवळून धरतो. कप्प्याच्या आत दाब वाढलेला असतो, पण बाहेरूनही दाब असल्यामुळे भिंत तितकी ताणली जात नाही. घट्ट बुटात सुजलेला पाय जसा फुगलेला दिसत नाही, तसे हे आहे. त्यातच भिंत जाड आणि कप्पा लहान असेल, तर त्याच दाबाला भिंतीवरचा ताण आणखी कमी होतो. पंप करण्याची क्षमता टिकून असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये नेमके हेच चित्र असते आणि लठ्ठ व्यक्तींना हाच प्रकार अधिक होतो. फुप्फुसांकडे मागे सरकणारा दाब मात्र खराच वाढलेला असतो, म्हणून दम लागतो.

व्यवहारात मर्यादा अशी खाली आणतात: बीएमआय ३० ते ३५ असेल तर एनटी-प्रोबीएनपीची मर्यादा सुमारे २५ टक्क्यांनी, ३५ ते ४० असेल तर ३० टक्क्यांनी आणि ४० च्या पुढे सुमारे ४० टक्क्यांनी. तातडीच्या विभागात बीएमआय ३५ किंवा अधिक असताना बीएनपीची १०० ची मर्यादा ५४ पर्यंत खाली आणण्याची शिफारस आहे. ही टक्केवारी ढोबळ आहे, तिला दशांशापर्यंत ताणू नये.

सावधान: लठ्ठ व्यक्तीत आकडा चढा आला तर त्याला अधिक गांभीर्याने घ्यावे. शरीर आकडा खाली ओढत असतानाही तो वर आला आहे.

### एक उदाहरण तपशिलात

उदाहरणासाठी ६१ वर्षांच्या एक बाई घेऊ. वजन १०४ किलो, उंची १५८ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय सुमारे ४१.७. रक्तदाबासाठी दोन औषधे चालू आहेत. चार महिन्यांपासून एक मजला चढला की थांबावे लागते आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज येते. हृदयाची लय नियमित आहे, ईजीएफआर ७८ आहे. एनटी-प्रोबीएनपी ११०. अहवालावर छापले आहे: १२५ पर्यंत सामान्य.

इथे बहुतेक वेळा तपास थांबतो, ‘वजन कमी करा’ असे सांगून त्यांना घरी पाठवले जाते. आपला क्रम लावून पाहू. त्रास हळूहळू वाढलेला आहे, म्हणून मर्यादा १२५ ची. बीएमआय ४० च्या पुढे आहे, म्हणून ४० टक्के वजा केले की उरतात ७५. त्यांचा आकडा ११०, म्हणजे या मर्यादेच्या वर. हार्ट फेल्युअर आहे असे यातून सिद्ध झालेले नाही. ते वगळता येत नाही, एवढेच ठरले. पुढची पायरी इको.

समजा, इकोत पंपाची क्षमता ६० टक्के, म्हणजे चांगली निघाली. ‘इको नॉर्मल’ म्हणून इथे दुसऱ्यांदा तपास थांबू शकतो. पण त्याच इकोत डावा वरचा कप्पा मोठा आहे, भरणदाबाचा अंदाज देणारे ई बाय ई-प्राइम हे गुणोत्तर १४ आहे आणि फुप्फुसाच्या धमनीतला अंदाजित दाब ४० आहे. अशा वेळी एच-टू-एफपीईएफ नावाची गुणपद्धत उपयोगी पडते, आणि तिच्यात नॅट्रियुरेटिक पेप्टाइडचा, म्हणजे बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपीचा, आकडा मुळीच लागत नाही. बीएमआय ३० च्या पुढे, याचे २ गुण. रक्तदाबाची दोन औषधे, १. वय साठीच्या पुढे, १. फुप्फुसाच्या धमनीतला दाब ३५ च्या वर, १. ते गुणोत्तर ९ च्या वर, १. बेरीज ६. एट्रियल फिब्रिलेशन असते तर आणखी ३ मिळाले असते. एकूण ९ पैकी ६ किंवा अधिक गुण म्हणजे पंपक्षमता टिकून असलेल्या हार्ट फेल्युअरची शक्यता मोठी. ज्या अहवालाने या बाईंना निरोगी ठरवले होते, तोच नीट वाचल्यावर निदानापर्यंत घेऊन आला.

गुण २ ते ५ मध्ये अडकले असते, तर व्यायाम करवून घेतलेली इको तपासणी किंवा हृदयात नळी घालून प्रत्यक्ष मोजलेला दाब हे पुढचे मार्ग होते. काही लठ्ठ रुग्णांत प्रत्यक्ष मोजलेला दाब वाढलेला असूनही पेप्टाइडचा आकडा पूर्ण नॉर्मल असतो. तिथे मर्यादा कितीही खाली आणली तरी आकडा मदत करत नाही. लक्षणे बोलकी असतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवावा.

## टप्पा ५: मूत्रपिंडाचा विकार असेल तर उलट दिशेने विचार करा

ईजीएफआर ६० च्या खाली घसरू लागला की दोन्ही पेप्टाइडांची पातळी चढते. एनटी-प्रोबीएनपी अधिक चढते. ‘मूत्रपिंड काढून टाकत नाही, म्हणून साठते’ हे अर्धे कारण आहे. उरलेले अर्धे हृदयातच असते: अंगात साठलेले मीठ-पाणी, चढा रक्तदाब, जाड झालेली डावी भिंत आणि रक्तक्षय यांमुळे हृदयावर खरोखरच ताण येतो. म्हणून मूत्रपिंडविकारातला चढा आकडा ‘खोटा’ म्हणून झटकून टाकणे हीसुद्धा चूकच. असा आकडा पुढील धोक्याची सूचना देतो. आत्ता हार्ट फेल्युअर आहे की नाही, हे मात्र तो एकटा सांगू शकत नाही.

तातडीच्या विभागात ईजीएफआर ६० च्या खाली असताना निदानासाठी एनटी-प्रोबीएनपीची सुमारे १२०० आणि बीएनपीची सुमारे २०० ही मर्यादा सुचवली गेली आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या रुग्णांसाठी १८०० ची मर्यादा आधीच तिच्याहून चढी आहे, तिथे वेगळी जुळवाजुळव लागत नाही. मूत्रपिंड अचानक बिघडलेले असेल आणि क्रिएटिनिन रोज बदलत असेल, तर ईजीएफआरच विश्वासार्ह नसतो. मग त्यावर बेतलेली मर्यादाही वापरू नये.

तपासून पाहा: आकडा वगळण्याच्या मर्यादेखाली आहे का? मूत्रपिंडविकार आकडा वर ढकलतो, तरीही तो खाली राहिला, तर हार्ट फेल्युअर नसल्याची खात्री उलट वाढते. अचानक धाप लागलेल्या, ईजीएफआर ३५ असलेल्या आणि बीएमआय नॉर्मल असलेल्या रुग्णात एनटी-प्रोबीएनपी २२० आले, तर धापेचे कारण बहुधा दुसरीकडे शोधावे लागेल.

सगळ्या लेखातली लक्षात ठेवायची जोडी हीच: लठ्ठपणात चढा आकडा जास्त भरवशाचा, मूत्रपिंडविकारात उतरलेला आकडा जास्त भरवशाचा.

### चढ्या आकड्याचे काय करायचे

दुसरे उदाहरण. वय ६८, बीएमआय २३, ईजीएफआर २२, डायलिसिस सुरू नाही. नेहमीच्या तपासणीत एनटी-प्रोबीएनपी २४०० आले. दम नाही, सूज नाही, वजन कित्येक महिने जैसे थे. आकडा पाहून कोणी लघवीच्या गोळीचा डोस वाढवला, तर अंगात जादा पाणी नसलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो, क्रिएटिनिन चढते आणि पुढच्या वेळी एनटी-प्रोबीएनपीही चढलेले दिसू शकते. मग आणखी डोस. हे चक्र रुग्णाला डायलिसिसकडे ढकलू शकते.

योग्य वाट अशी: इको करून हृदयाची आजची स्थिती नोंदवावी आणि २४०० हा या माणसाचा स्थिर दिवसांतला स्वतःचा आकडा मानावा. तीन महिन्यांनी तो २६५० आला, तर वाढ सुमारे १० टक्के, म्हणजे दखल घेण्याइतकी नाही. सहा महिन्यांनी ४९०० आला, आठवड्यात वजन ३ किलोंनी वाढले आणि झोपताना जादा उशी लागू लागली, तर आकडा स्वतःच्या पातळीच्या दुप्पट झाला आहे आणि शरीरही तेच सांगत आहे. तेव्हासुद्धा त्याच दिवसाचा ईजीएफआर पाहावा. तो २२ वरून १५ वर आला असेल, तर वाढीचा काही भाग मूत्रपिंडाच्या घसरणीचाही आहे.

डायलिसिसवरील रुग्णांत जवळजवळ सर्वांचाच आकडा मर्यादेबाहेर असतो, त्यामुळे तिथे छापील मर्यादांना अर्थ नाही. डायलिसिसच्या प्रकारानुसार आकडा सत्रानंतर खालीही येतो. म्हणून रक्त नेहमी एकाच वेळी, शक्यतो सत्र सुरू होण्यापूर्वी घ्यावे आणि तुलना फक्त रुग्णाच्या स्वतःच्या मागील आकड्यांशी करावी.

## टप्पा ६: दोन्ही एकत्र असतील तर

बीएमआय ३८ आणि ईजीएफआर ४० अशी जोडगोळी विरळ नाही. इथे एका कारणासाठी ३० टक्के वजा आणि दुसऱ्यासाठी काही टक्के अधिक करून ‘हिशेब जमला, छापील मर्यादाच बरोबर’ असे म्हणण्याचा मोह होतो. तसे करू नये. ही दोन ओढी प्रत्येकात सारख्या जोराच्या नसतात आणि एकमेकींना नेमक्या खोडून काढतील याची हमी नसते.

त्याऐवजी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. ‘हार्ट फेल्युअर वगळू का?’ या प्रश्नाला लठ्ठपणासाठी खाली आणलेली मर्यादा लावावी. ती ओलांडली तर फार तर एक इको जास्त होईल. ‘हार्ट फेल्युअर आहेच असे म्हणू का?’ या प्रश्नाला मूत्रपिंडासाठी वर नेलेली मर्यादा लावावी, आणि तिच्या वर आकडा आला तरी लक्षणे व इको यांची जोड मागावी. मधला पट्टा यामुळे रुंद होतो, हे खरे. पण या रुग्णांत तो मुळातच रुंद असतो.

## टप्पा ७: पुन्हा तपासणी करताना

प्रकृती स्थिर असतानाही एनटी-प्रोबीएनपी दोन तपासण्यांत २५ ते ३० टक्क्यांपर्यंत आणि बीएनपी त्याहून जास्त हलू शकते. त्यामुळे लहानसहान चढउतारांवर औषधे बदलत बसू नये. हार्ट फेल्युअरसाठी दाखल झालेल्या रुग्णात घरी जाईपर्यंत एनटी-प्रोबीएनपी ३० टक्के किंवा अधिक उतरले, तर तो चांगला कल मानतात. शक्य तर तीच चाचणी, तीच प्रयोगशाळा ठेवावी आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवसाचे वजन व ईजीएफआर लिहावे.

वजन बरेच घटलेल्या व्यक्तीत, विशेषतः बॅरियाट्रिक शस्त्रक्रियेनंतर, आकडा थोडा चढू शकतो, कारण त्याला खाली ओढणारी गोष्टच कमी झालेली असते. दम कमी झाला आहे, चालण्याची क्षमता वाढली आहे आणि तरी आकडा ९० वरून १३० वर गेला आहे, असे दिसले तर आधी बीएमआयचा रकाना पाहावा. मात्र अशा व्यक्तीला जुनी, खाली आणलेली मर्यादा आता लागू नाही. नव्या बीएमआयनुसार ती पुन्हा काढावी.

सावधान: झोपेतून धाप लागून उठणे, बसूनही दम न शमणे, ओठ निळसर पडणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काही असेल, तर आकड्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. फुप्फुसात अचानक पाणी भरते तेव्हा पेप्टाइडची पातळी चढायला थोडा वेळ लागतो, आणि पहिल्या तासात घेतलेला नमुना फसवा कमी असू शकतो.